हाय-पास फिल्टर लावूनही वाऱ्याची घरघर परत येते तेव्हा काय तपासावे

पन्हाळा, मसाई पठार, जोतिबाचा डोंगर किंवा रंकाळ्याचा काठ अशा मोकळ्या जागी ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतींबाबत एकच तक्रार वरचेवर ऐकू येते. संपादन करताना ठरावीक वारंवारतेच्या खालचा आवाज कमी करणारा हाय-पास फिल्टर लावला, ऐकून पाहिले, घरघर गेल्यासारखी वाटली आणि काम पुढे गेले. परंतु तीच चित्रफीत सभागृहात मोठ्या स्पीकरवर लावल्याबरोबर माणसाच्या बोलण्याखालून जड घुमणे पुन्हा सुरू झाले. मग फिल्टरचा कटऑफ, म्हणजे जिच्याखाली तो कापू लागतो ती वारंवारता, ऐंशीवरून दीडशे, दीडशेवरून दोनशे हर्ट्झवर नेला जातो, बोलणाऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, आणि तरीही जोराचा झोत आला की घरघर ऐकू येतेच. या तक्रारीमागे बहुतेक वेळा फिल्टरचा दोष नसतो. वारा आणि फिल्टर यांच्याकडून आपण जी अपेक्षा करतो, ती चुकीच्या जागी असते.

उदाहरण म्हणून पन्हाळ्यावर सज्जा कोठीजवळ, आषाढातल्या वाऱ्यात घेतलेली एक मुलाखत पाहू. किल्ला दाखवणारे एक वयस्कर गृहस्थ उत्तरे देत आहेत आणि एक तरुणी प्रश्न विचारत आहे. दोघांना वेगवेगळे कॉलर माइक लावले होते, त्यांवर फक्त स्पंजची छोटी टोपी होती, आणि मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असे होते. माझ्याकडे ही फाइल आली तेव्हा तिच्यावर आधीच २०० हर्ट्झचा, फार तीव्र उताराचा फिल्टर लावलेला होता. मूळ फाइल मागवून घेतल्याशिवाय पुढे काहीच करता आले नसते, म्हणून पहिली सूचना हीच की फिल्टर लावलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि मूळ मुद्रणाला हात लावू नये.

घरघर कुठे आहे, ते आधी डोळ्यांनी पाहावे

वाऱ्याची घरघर हा दुरून येणारा आवाज नसतो. हवेचा प्रवाह माइकवर आदळतो, त्याच्या कडांभोवती भोवरे तयार होतात आणि त्या भोवऱ्यांमुळे माइकच्या पडद्यावरचा दाब वेडावाकडा बदलत राहतो. माणसाच्या कानाला तिथे उभे राहून जे ऐकू येत नाही, ते माइक यामुळे नोंदवतो. या गोंधळातली बहुतांश ऊर्जा अगदी खालच्या वारंवारतांमध्ये असते आणि वर जावे तशी ती कमी होत जाते. पण ती कुठे संपते हे वाऱ्याच्या वेगावर ठरते. मंद झुळूक शंभर हर्ट्झच्या खालीच राहते; डोंगराच्या कडेवरचा जोराचा झोत तीनशे-चारशे हर्ट्झपर्यंत आणि कधी त्याहूनही वर चढतो. म्हणजेच एकाच मुलाखतीत घरघरीची वरची सीमा प्रत्येक वाक्याला बदलत असते, आणि एकच आकडा निवडून ती पूर्ण काढता येईल ही आशा इथेच सोडून द्यावी लागते.

हे पाहण्यासाठी कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे ते दाखवणारे चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम लागतो, परंतु तो जसा उघडतो तसा उपयोगाचा नसतो. बहुतेक प्रणालींमध्ये तो कित्येक हजार हर्ट्झपर्यंतचा पट्टा दाखवतो आणि आपल्याला हवा असलेला तळाचा भाग बोटभर जागेत चिरडला जातो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीमध्ये स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये Max Frequency १००० वर आणावी आणि Window Size ४०९६ ठेवावी. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ४०९६ म्हणजे सुमारे ८५ मिलिसेकंदांची खिडकी, आणि तिच्यात वारंवारतेच्या दोन शेजारच्या घरांमधले अंतर सुमारे १२ हर्ट्झ येते. खिडकी याहून लहान केली तर पुरुषाच्या आवाजातले हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर, एकमेकांत मिसळून दिसतात. याहून मोठी केली तर शब्द कुठे सुरू होतो ते पसरट होते.

असे पाहिले की वारा लगेच ओळखू येतो. तो खालून वर फुगणाऱ्या, कडा नसलेल्या ढगासारख्या डागांनी दिसतो आणि त्याच्यात आडव्या रेषा नसतात. ५०, १००, १५० हर्ट्झवर सरळ, न हलणाऱ्या रेषा दिसल्या तर ती विजेच्या तारांची गुणगुण आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे. उसाच्या फडाजवळ मुद्रण केले असेल तर पाल्याची सळसळ कित्येक हजार हर्ट्झवर दिसते. तीही वाऱ्यामुळेच होते, पण ती खराखुरा आवाज आहे, तिला हाय-पास फिल्टर स्पर्शही करत नाही, आणि माझ्या मते ती राहू द्यावी, कारण ती ऐकणाऱ्याला जागा सांगते.

याच वेळी आणखी एक गोष्ट तपासणे अत्यावश्यक आहे, ती म्हणजे क्लिपिंग. जोराच्या झोताने माइकचा किंवा मुद्रकाचा आवाका ओलांडला असेल तर तरंगाचे माथे कापल्यासारखे सपाट दिसतात, आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये त्याच क्षणी तळापासून थेट वरपर्यंत उभी रेघ उमटते. ही रेघ पाहण्यासाठी मात्र Max Frequency पुन्हा वाढवावी लागते. अशी जागा सापडली तर क्लिपिंग दुरुस्त करण्याचे काम फिल्टरच्या आधी करावे लागते. हाय-पास फिल्टर लावला की ते सपाट माथे तिरके होतात, आणि मग डी-क्लिप करणाऱ्या साधनाला कुठे कापले गेले आहे ते ओळखताच येत नाही. हा क्रम उलटा झाल्यामुळे घरघर गेली पण प्रत्येक झोताबरोबर करकर राहिली, अशा फाइल मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

कटऑफ वाऱ्यावरून नव्हे, बोलणाऱ्यावरून ठरवावा

फिल्टर वाऱ्याला घालवण्यासाठी लावतो, हे खरे असले तरी त्याचा आकडा वाऱ्याकडे पाहून ठरवला की आवाज बिघडतो. वाऱ्याची वरची सीमा हलती आहे. बोलणाऱ्याच्या आवाजाची खालची सीमा मात्र बऱ्यापैकी स्थिर असते. पुरुषांच्या बोलण्याची मूळ वारंवारता साधारणपणे ८५ ते १५५ हर्ट्झ आणि स्त्रियांची १६५ ते २५५ हर्ट्झ या टापूत असते. या मूळ वारंवारतेच्या खाली माणसाच्या बोलण्याचे जवळजवळ काही नसते, म्हणून तिच्याखाली जे आहे ते निर्धास्तपणे काढता येते. तिच्यावरचे मात्र काढताना आपण आवाजाचाच भाग काढत असतो.

उदाहरणातल्या गृहस्थांचा आवाज स्पेक्ट्रोग्रामवर ११० हर्ट्झच्या आसपास दिसत होता आणि वाक्य संपवताना तो ९० पर्यंत उतरत होता. हा उतार महत्त्वाचा आहे, कारण मराठीतले साधे विधान संपताना स्वर खाली येतो आणि फिल्टरची कसोटी तिथेच लागते. त्यांच्यासाठी ८० हर्ट्झ कटऑफ आणि २४ डेसिबल प्रति सप्तक उतार घेतला. बटरवर्थ पद्धतीच्या अशा फिल्टरमध्ये ४० हर्ट्झ सुमारे २४ डेसिबलने आणि २० हर्ट्झ सुमारे ४८ डेसिबलने खाली जातो, म्हणजे वाऱ्याचा सर्वांत जड भाग निघून जातो. उलट ११० हर्ट्झवर घट अर्ध्या डेसिबलहूनही कमी आणि ९० हर्ट्झवर दीड डेसिबलच्या आतच राहते, जी कानाला जाणवत नाही.

आता आधी लावलेल्या २०० हर्ट्झच्या, ४८ डेसिबल प्रति सप्तक उताराच्या फिल्टरने काय केले होते ते पाहा. त्याने ११० हर्ट्झची मूळ वारंवारता चाळीस डेसिबलहून अधिक खाली नेली, म्हणजे ती पुसूनच टाकली, परंतु तिच्या दुप्पट असलेला २२० हर्ट्झचा हार्मोनिक जवळजवळ तसाच ठेवला. कानाला वरच्या हार्मोनिकांवरून स्वराची उंची कळते, त्यामुळे माणूस ओळखू येतो, फक्त त्याच्या आवाजातला भरीवपणा जातो. इथवर कदाचित चालवून घेतले असते. पण वाक्याच्या शेवटी स्वर ९० वर आला की दुसरा हार्मोनिक १८० वर येतो, तो कटऑफच्या खाली सरकतो आणि एकदम आठ डेसिबलने पडतो. परिणामी प्रत्येक वाक्य सुरू होताना एका पोताचे आणि संपताना दुसऱ्या पोताचे ऐकू येते. आवाज ‘पातळ’ झाला अशी जी तक्रार असते, तिच्यात कटऑफच्या उंचीइतकाच या तीव्र उताराचा वाटा असतो. म्हणून बोलण्यासाठी ४८ चा उतार मी सहसा वापरत नाही. २४ पुरतो, आणि वारा मंद असेल तर १२ सुद्धा.

प्रश्न विचारणाऱ्या तरुणीचा आवाज १९० हर्ट्झच्या खाली जात नव्हता, त्यामुळे तिच्या माइकला १४० हर्ट्झचा कटऑफ लावता आला आणि तिच्या बाजूची बरीचशी घरघर एवढ्यानेच संपली. दोघांना एकच फिल्टर लावायचा म्हणून एकतर तिच्या आवाजाखाली नको असलेला वारा ठेवायचा किंवा त्यांच्या आवाजाचे बूड काढून टाकायचे, हे दोन्ही टाळता येते. त्यासाठी माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर असणे मात्र जरुरीचे आहे. दोघे एकाच ट्रॅकवर असतील तर बोलणाऱ्यानुसार तुकडे पाडून वेगळे फिल्टर लावावेत आणि जोडावर छोटा क्रॉसफेड ठेवावा, नाहीतर प्रत्येक जोडाला पार्श्वभूमीचा तळ बदललेला ऐकू येतो.

ऑडॅसिटीमध्ये High-Pass Filter उघडून Frequency मध्ये ८० आणि Roll-off मध्ये २४ निवडले की हेच होते. ज्यांना बऱ्याच फाइल एकदम हाताळायच्या आहेत, त्यांना कमांड लाइनवर चालणाऱ्या ffmpeg ची पुढची ओळ उपयोगी पडेल.

```
ffmpeg -i mulakhat.wav -af "highpass=f=80:t=q:w=0.541,highpass=f=80:t=q:w=1.307" -c:a pcm_s24le mulakhat_hp80.wav
```

यात दोन फिल्टर कटऑफपाशी त्यांचा आकार ठरवणाऱ्या वेगवेगळ्या क्यू-मूल्यांनी एकापाठोपाठ ठेवले आहेत, त्याला कारण आहे. ffmpeg मधला highpass एका वेळी १२ डेसिबल प्रति सप्तक इतकाच उतार देतो. तोच ८० हर्ट्झचा फिल्टर जसाच्या तसा दोनदा लावला तर उतार २४ होतो खरा, पण ८० हर्ट्झवरची घट ३ ऐवजी ६ डेसिबल होते आणि आवाजाची खालची कड थोडी अधिक खाल्ली जाते. वरची दोन मूल्ये घेतली की बटरवर्थचा अपेक्षित आकार मिळतो.

फिल्टरनंतर उरलेले झोत

ऐंशी हर्ट्झचा फिल्टर लावल्यावर मंद वारा गेला, परंतु जोराचे झोत ८० ते ३५० हर्ट्झच्या पट्ट्यात राहिले. इथे पुन्हा कटऑफ वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी प्रत्येक झोत वेगळा हाताळावा, कारण झोत थोडे असतात आणि त्यांच्यासाठी संपूर्ण मुलाखतीचा आवाज बदलणे परवडत नाही. स्पेक्ट्रल रिपेअर म्हणजे काळ आणि वारंवारता या दोन्ही दिशांनी सीमा घालून निवडलेला चौकोन आजूबाजूच्या ध्वनीकडे पाहून दुरुस्त करणे. ‘आजूबाजूच्या ध्वनीकडे पाहून’ या शब्दांत त्याची सारी ताकद आणि मर्यादा आहे.

झोत दोन शब्दांमधल्या विरामात पडला असेल तर काम सोपे असते. झोताची सुरुवात आणि शेवट, तळापासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत निवडावा आणि आयझोटोप आरएक्स हे ध्वनिदुरुस्तीचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर Spectral Repair मधला Attenuate चालवावा. तो निवडलेल्या भागाची ऊर्जा शेजारच्या भागाशी ताडून पाहतो आणि जादा असलेली खाली आणतो. शेजार म्हणून आधीचा-नंतरचा काळ घ्यायचा की वरच्या-खालच्या वारंवारता घ्यायच्या, ते आपण ठरवतो. पाव-अर्ध्या सेकंदाच्या झोताला आधीचा-नंतरचा काळ योग्य असतो. झोत लांब असेल, किंवा एकामागून एक झोत येत असतील, तर मात्र आधीचा आणि नंतरचा काळही वाऱ्यानेच भरलेला असतो. साधन वाऱ्याची वाऱ्याशी तुलना करते आणि काहीच बदलत नाही. आपण बटण दाबतो, चित्र तसेच राहते, आणि साधन चालत नाही असा समज होतो. अशा वेळी निवडलेल्या भागाची पातळी हाताने कमी करणे हाच सरळ मार्ग आहे. शेजारच्या शांत विरामाची त्या पट्ट्यातली पातळी पाहावी आणि तेवढ्यावर आणून थांबावे.

पूर्ण शांतता करू नये, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. विरामातला तळ अगदी पुसून टाकला की पुढचा शब्द सुरू होताच त्याच्याबरोबर वाऱ्याचा तळही परत उघडतो, आणि सतत असताना जी घरघर कानाआड झाली असती, ती आता प्रत्येक शब्दाबरोबर येते-जाते म्हणून अधिक जाणवते. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा नॉइज गेट लावलेल्या फाइलमध्ये हेच होते. त्यापेक्षा थोडी एकसारखी घरघर राहिलेली बरी.

ऑडॅसिटी वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथले Spectral Edit Parametric EQ निवडलेल्या पट्ट्याची पातळी दिलेल्या डेसिबलने कमी करते आणि Spectral Delete तो पट्टा काढून टाकते. आजूबाजूचे पाहून भरण्याचे काम ही साधने करत नाहीत. विरामासाठी पहिले पुरेसे आहे. दुसरे मी बोलण्याच्या मुद्रणात वापरत नाही, कारण त्याने केलेले भोक ऐकू येते.

झोत बोलण्यावरच पडला असेल तर खरी अडचण सुरू होते. उदाहरणातल्या मुलाखतीत ‘तीन दरवाजाकडून’ या शब्दावर साधारण पाऊण सेकंदाचा झोत होता आणि तो ३०० हर्ट्झपर्यंत चढला होता. त्याच पट्ट्यात गृहस्थांच्या आवाजाची ११० ची मूळ वारंवारता आणि २२० चा हार्मोनिक होता. सबंध चौकोन खाली आणला असता तर तेवढाच शब्द डब्यात गेला असता आणि शेजारच्या शब्दांशी त्याचा पोत जुळला नसता.

म्हणून आधी दोन हार्मोनिकांच्या मधल्या जागेकडे पाहिले. ४०९६ च्या खिडकीत ११० आणि २२० च्या रेषा वेगळ्या दिसत होत्या, आणि त्यांच्या मधला साधारण १४० ते १९० चा पट्टा हा आवाजाचा नसून निव्वळ वाऱ्याचा होता. ८० ते ९५ च्या दरम्यानचा भागही वाऱ्याचाच होता, कारण त्या शब्दात स्वर ११० च्या खाली उतरलाच नव्हता. या दोन पट्ट्या निवडून सुमारे १२ डेसिबलने खाली आणल्या. स्वर चढ-उतार करत असेल तर हार्मोनिकांच्या रेषा तिरक्या जातात आणि चौकोनी निवड त्यांना कापते. तिथे ब्रश किंवा लासो घेऊन रेषेच्या कलाने निवड करावी लागते. हे काम किचकट आहे, आणि ते प्रत्येक शब्दावर करणे शहाणपणाचे नाही. जिथे झोतामुळे शब्द कळत नाही किंवा ऐकणारा दचकतो, तेवढ्याच जागा घ्याव्यात.

त्यानंतर हार्मोनिकांवर बसलेला वारा उरला. तो आवाजापासून वेगळा करता येत नाही, कारण त्या वारंवारतेवर दोन्ही एकत्र मुद्रित झाले आहेत. तिथे फक्त ९५ ते २५० चा संपूर्ण पट्टा आणखी तीन-चार डेसिबलने कमी केला. इतक्याने शब्दाचा पोत थोडा बदलतो, पण शेजारच्या शब्दांपासून तुटत नाही. याहून जास्त कपात करून पाहिली तर घरघर आणखी कमी होते आणि शब्द मात्र उपरा वाटू लागतो. हेडफोनवर त्या शब्दाच्या आधीचे आणि नंतरचे एकेक वाक्य जोडून ऐकले की ही सीमा चटकन कळते. केवळ तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकल्याने ती कळत नाही.

Replace किंवा तत्सम, जुने काढून नवे भरणारी पद्धत बोलण्यावर वापरू नये. ती शेजारच्या ध्वनीवरून अंदाजाने भरते, आणि शेजारी दुसरा स्वर असला की त्या स्वराचा रंग या स्वरात उतरतो. विरामासाठी ती चालते.

काम वाचवणारी एक युक्ती इथे सांगून ठेवतो. वाऱ्याचे भोवरे प्रत्येक माइकपाशी स्वतंत्र असतात, त्यामुळे एका माइकवर झोत कडाडत असताना शेजारच्या माइकवर तोच क्षण बराच शांत असू शकतो. या मुलाखतीत उत्तराच्या वेळी तरुणीचा माइकही चालू होता आणि त्यावर गृहस्थांचा आवाज दुरून का होईना, येत होता. दोन ठिकाणी त्यांच्या माइकचा २५० हर्ट्झच्या खालचा भाग काढून तेवढाच भाग तिच्या माइकवरून, पातळी वाढवून आणि वेळ जुळवून घेता आला. त्यासाठी तिच्या मूळ ट्रॅकवरून घेतले, कारण फिल्टर लावलेल्या ट्रॅकवर १४० च्या खालचे काही उरलेच नव्हते.

गेलेली घरघर पुन्हा कुठून येते

इथवर सगळे नीट करूनही घरघर परत येण्याची दोन कारणे राहतात, आणि माझ्या पाहण्यात हीच सर्वाधिक आढळतात.

पहिले कारण म्हणजे कंप्रेसर. तो मोठा आवाज दाबतो आणि नंतर एकूण पातळी वर उचलली जाते, त्यामुळे शब्दांमधला तळही तितकाच वर येतो. फिल्टर आणि रिपेअरनंतर जी घरघर बोलण्याच्या चाळीस डेसिबल खाली होती, ती कंप्रेसर आणि लाउडनेस नॉर्मलायझेशन यांमधून गेल्यावर बोलण्याच्या तीस डेसिबल खाली येऊन बसते आणि ऐकू येते. म्हणून रिपेअर पुरेसे झाले की नाही, याचा निर्णय कंप्रेसर चालू ठेवून ऐकल्यावरच करावा. क्रम मात्र क्लिपिंगची दुरुस्ती, हाय-पास, झोतांची दुरुस्ती आणि मग कंप्रेसर असाच हवा. कंप्रेसर फिल्टरच्या आधी असेल तर तो बोलण्याऐवजी वाऱ्याच्या ऊर्जेवर चालतो. झोत आला की तो सबंध आवाज दाबतो, आणि नंतर फिल्टरने झोत काढला तरी त्या जागी बोलणे खचलेले राहते.

हेच खचणे मुद्रणाच्या वेळीही झालेले असू शकते. मोबाइल आणि बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते आणि तीही वाऱ्याला फसते. घरघर काढल्यावर दर झोताला आवाज बसल्यासारखा वाटत असेल, तर फिल्टरशी खेळत बसू नये. त्या तुकड्याची पातळी हाताने वर उचलावी. घरघर निघून गेलेली असल्यामुळे आता ती उचलता येते.

दुसरे कारण म्हणजे आपण कशावर ऐकतो. लॅपटॉपचे आणि मोबाइलचे छोटे स्पीकर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच वाजवत नाहीत. ज्या पट्ट्यात घरघर आहे, तो पट्टा त्यांच्यावर ऐकू येतच नाही, म्हणून ती गेली असे वाटते. या मुलाखतीच्या बाबतीत ‘लॅपटॉपवर तर काय बी ऐकू येत न्हवतं की ओ सर’ हे वाक्य मला ऐकायला मिळाले आणि ते अक्षरशः खरे होते. कोल्हापुरात चित्रफीत दाखवण्यासाठी भाड्याने आणलेल्या साउंड सिस्टीमबरोबर सबवूफरचे मोठे खोके बहुधा येतातच, आणि ते चाळीस-पन्नास हर्ट्झ पोटात जाणवेल इतक्या जोमाने वाजवतात. तिथे बोलण्याचा कार्यक्रम आहे की मिरवणूक, याची त्या खोक्यांना पर्वा नसते.

चांगला, कान झाकणारा हेडफोन नसेल तर मीटर आणि स्पेक्ट्रोग्राम यांवर विसंबावे. बोलणे थांबलेले असताना मीटर वरखाली हलत असेल आणि कानाला काही ऐकू येत नसेल, तर ते हलणे बहुधा खालच्या वाऱ्यामुळेच आहे. तसेच फिल्टर लावण्यापूर्वीची आणि नंतरची सर्वोच्च पातळी ताडून पाहावी. बोलणे तेवढेच मोठे ऐकू येत असताना सर्वोच्च पातळी आठ-दहा डेसिबलने खाली आली, तर तेवढी जागा न ऐकू येणाऱ्या घरघरीने व्यापली होती, हे निश्चित समजावे. आणि कार्यक्रमाच्या आधी सभागृहातल्या ध्वनी-चालकाला बोलण्याच्या चित्रफितीपुरते सबवूफर बंद ठेवायला सांगावे. माणसाच्या आवाजासाठी त्यांची गरज नसते.

कुठे थांबावे

क्लिपिंग झालेला झोत बोलण्यावर पडला असेल तर डी-क्लिपने फारसे हाती लागत नाही. वाऱ्याचा तरंग संथ असतो; २० हर्ट्झचा तरंग पूर्ण व्हायला ५० मिलिसेकंद लागतात. त्याचा माथा कापला जातो तेव्हा कित्येक मिलिसेकंद मुद्रक कमाल आकड्यावरच अडकून राहतो आणि तेवढ्या वेळात त्या तरंगावर बसलेले बोलणे नोंदलेच जात नाही. डी-क्लिप वाऱ्याच्या तरंगाचा माथा अंदाजाने गोल करून देते, त्यामुळे करकर कमी होते. न नोंदलेला शब्द त्यातून येत नाही. ३२ बिट फ्लोट मुद्रक असला तरी माइकच किंवा वायरलेसचा प्रेषकच भरून गेला असेल तर स्थिती हीच राहते.

सज्जा कोठीच्या मुलाखतीत असे एक वाक्य होते. त्यातला ‘अंधारबाव’ हा शब्द अर्धा गेलेला होता. गृहस्थांनी तोच शब्द पुढे, ओट्याच्या आडोशाला उभे राहून, जवळपास त्याच स्वरात उच्चारला होता. तो तिथून उचलून आणला, त्याला तोच ८० हर्ट्झचा फिल्टर लावला, आणि शेजारच्या विरामातला वाऱ्याचा तळ त्याच्याखाली हलकासा पसरला, कारण आडोशाचा शब्द त्या वाक्यात फारच स्वच्छ ऐकू येत होता. त्या क्षणी पडद्यावर दरीचे दृश्य ठेवले, म्हणजे ओठांची हालचाल जुळवण्याचा प्रश्न उरला नाही. आणखी एका वाक्यावर मात्र काहीच उपाय नव्हता, आणि ते कापून टाकले.